'विश' आणि 'इफ ओन्ली' यांपुढे 'वॉज' की 'वेअर'?

सातवीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत एखादा विद्यार्थी 'आय विश माय ब्रदर वॉज हिअर' असे वाक्य लिहितो. एक शिक्षक त्यास पूर्ण गुण देतात. दुसरे शिक्षक 'वॉज' खोडून 'वेअर' लिहितात व अर्धा गुण कमी करतात. वाक्य एकच, विद्यार्थी एकच. पण तपासणारा हात बदलला की गुण बदलतात. ही विसंगती दूर व्हावयाची, तर या वाक्यरचनेमागील कारण प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

'भाऊ आता येथे असता तर किती बरे झाले असते!' या मराठी वाक्यात बोलणाराचे लक्ष वर्तमानकाळाकडे आहे. भाऊ आता येथे नाही, आणि तो असावा अशी इच्छा आहे. मराठीत या अर्थासाठी 'असता' हे वेगळे रूप आहे. 'भाऊ येथे असतो' म्हटले की तो नेहमीचा वस्तुस्थितीचा उल्लेख होतो. 'भाऊ येथे असता तर' म्हटले की ती केवळ कल्पना होते. 'भाऊ येथे असतो तर किती बरे झाले असते' असे कोणी म्हणाल्यास खेड्यातील लहान मूलही ते दुरुस्त करील. मात्र प्रथम पुरुषी हा भेद दिसत नाही. 'मी घरी असतो' आणि 'मी घरी असतो तर' या दोहोंत मुलगा एकच रूप वापरतो. रूपे एकसारखी झाली तरी अर्थ वेगळा राहतो, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडेल.

इंग्रजीत इच्छा व कल्पना दाखविणारी वेगळी रूपे एके काळी होती. कालांतराने ती झिजली आणि बहुतेक क्रियापदांत भूतकाळी रूपांशी एकरूप झाली. म्हणून 'आय विश आय न्यू' (मला ठाऊक असते तर) यात रूप भूतकाळाचे, पण अर्थ आताचा असतो. येथे भूतकाळी रूप गेलेला काळ दाखवीत नाही, तर वस्तुस्थितीपासून दूर असणे दाखविते. या झिजेतून एकच जुने रूप स्पष्टपणे उरले. ते म्हणजे 'बी' या क्रियापदाचे प्रथम व तृतीय पुरुषी एकवचनातील 'वेअर'. 'यू', 'वी' व 'दे' यांच्यापुढे साध्या भूतकाळातही 'वेअर' हेच येत असल्यामुळे तेथे वाद उद्भवतच नाही. वाद आहे तो केवळ 'आय', 'ही', 'शी', 'इट' व एकवचनी नाम यांच्यापुरता.

या जागी 'वॉज' वापरण्याची चाल नवी नाही. सतराव्या शतकापासून इंग्रजी लेखनात ती आढळते. सर्व क्रियापदांत इच्छेचे रूप भूतकाळासारखे झाले, तेव्हा 'बी' चेही तसेच होऊ लागले, इतकेच. आज बोलण्यात व साध्या लेखनात 'आय विश आय वॉज' सर्रास चालते. औपचारिक लेखनात 'आय विश आय वेअर' अधिक पसंत केले जाते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणातही या जागी दोन्ही रूपांना स्थान असून 'वॉज' हे कमी औपचारिक मानले आहे. म्हणून शिकविताना 'वेअर' शिकवावे, पण 'वॉज' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापू नये. 'इफ आय वेअर यू' (तुझ्या जागी मी असतो तर) हा प्रयोग मात्र रूढच असल्याने तो 'वेअर' सहच पाठ करून घ्यावा.

खरी चूक दुसरीकडे होते. 'इफ' दिसले की 'वेअर' लिहावे, असा आडाखा विद्यार्थी बांधतात, व मग जेथे 'वॉज' च हवे तेथेही 'वेअर' घालतात. 'इफ ही वॉज इन स्कूल येस्टर्डे, ही हर्ड द न्यूज' (काल तो शाळेत होता, तर त्याने ती बातमी ऐकली) या वाक्यात कल्पना नाही. तो शाळेत असेल किंवा नसेल. बोलणारास ते ठाऊक नाही, एवढेच. येथे 'वेअर' अशुद्ध होय.

हे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. वाक्य मराठीत सांगून त्यापुढे 'पण तसे नाही' हे शब्द जोडून पाहावेत. ते चपखल बसले, तर 'वेअर' किंवा 'वॉज'. 'पण तसे नव्हते' हे शब्द बसले, म्हणजे इच्छा होऊन गेलेल्या गोष्टीविषयी असली, तर 'हॅड बीन'. दोन्ही बसत नसतील, तर वाक्य साधे आहे व त्यात साधा काळ वापरावा. 'आहे' आणि 'होते' यांतील हा काळ इच्छा करण्याच्या क्षणापासून मोजावयाचा, हेही सांगून ठेवावे.

आता एका वहीतील पाच वाक्यांस ही कसोटी लावून पाहू.

पहिले: 'आय विश आय ॲम टॉल'. मी उंच असतो तर. पण तसे नाही. कसोटी लागू पडते, म्हणून 'ॲम' चूक. 'वेअर' हवे, 'वॉज' ही चालेल.

दुसरे: 'इफ ओन्ली अवर स्कूल वॉज निअर द रिव्हर'. आपली शाळा नदीजवळ असती तर. पण तशी नाही. वाक्य शुद्ध असून पूर्ण गुण द्यावेत.

तिसरे: 'आय विश आय वॉज ॲट द फेअर येस्टर्डे'. काल जत्रेत मी असतो तर, पण नव्हतो. 'येस्टर्डे' हा शब्दच सांगतो की येथे 'हॅड बीन' हवे. 'वॉज' जागी 'वेअर' घालून हे वाक्य शुद्ध होत नाही, आणि शिक्षकाची दुरुस्तीही नेमकी येथेच फसते.

चौथे: 'द टीचर आस्क्ड इफ आय वेअर इल'. मी आजारी आहे का, असे गुरुजींनी विचारले. 'पण तसे नाही' हे शब्द बसत नाहीत, कारण हा प्रश्न आहे, इच्छा नव्हे. येथे 'वॉज' हवे.

पाचवे: 'सीता विश्ड शी वॉज अ बर्ड'. आपण पक्षी असावे, असे सीतेस वाटले. इच्छा करणे होऊन गेले, तरी त्या क्षणी ती पक्षी नव्हती. इच्छा व तिचा विषय एकाच क्षणाचे आहेत. म्हणून 'वॉज' किंवा 'वेअर' बरोबर. 'हॅड बीन' केल्यास अर्थ बदलतो.

या पाचांत तीन वाक्ये चुकीची आहेत, पण त्यांपैकी एकही चूक 'वॉज' की 'वेअर' या आवडीची नाही. पहिल्यात वर्तमानाचे रूप, तिसऱ्यात काळ, चौथ्यात इच्छा व प्रश्न यांतील घोटाळा आहे. वही तपासताना लाल शाई या तिन्हींवर लावावी. दुसऱ्या व पाचव्या वाक्याशेजारी फार तर 'वेअर' असे समासात लिहून ठेवावे. गुण तसाच राहू द्यावा.