टिपरू आधी, आवाज नंतर

आठवीच्या वर्गात ध्वनीचा पाठ चालू होता. प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावला होता. मैदानात एक जण ढोल वाजवतोय, कॅमेरा जवळ असताना टिपरू पडताक्षणी आवाज येतो आणि कॅमेरा लांब गेला की आवाज मागे पडतो. वर्गात मात्र जवळच्या दृश्यातही टिपरू आधी पडत होतं आणि आवाज नंतर येत होता. मुलांनी ते तसंच वहीत उतरवून घेतलं. उशीर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा असेल, म्हणजे ढोल जणू सत्तर मीटरवर वाजत होता. नेमका जो फरक शिकवायचा, तोच यंत्रानं खोटा दाखवला, याचं मला फार वाईट वाटलं.

कारण जोडणीत होतं. लॅपटॉपची एचडीएमआय वायर प्रोजेक्टरला आणि ब्लूटूथ स्पीकरही प्रोजेक्टरलाच पेअर केलेला. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी जातो आणि स्पीकर थोडा साठा करूनच वाजवायला लागतो. यात 150 ते 250 मिलिसेकंद सहज जातात. स्पीकर प्रोजेक्टरला जोडलेला असला की लॅपटॉपला या उशिराचा पत्ताच नसतो.

म्हणून स्पीकर प्रोजेक्टरवरून काढून थेट लॅपटॉपला पेअर करा. मग बरेच ब्राउझर आणि प्लेअर उशीर ओळखून चित्रही तेवढंच थांबवतात. तरीही फरक उरला तर व्हिडिओ व्हीएलसीत लावा. J दाबलं की आवाज 50 मिलिसेकंद पुढे सरकतो, K दाबलं की तेवढाच मागे. आमच्या ढोलाला चार वेळा J लागलं, पडद्यावर -200 ms दिसलं आणि टिपरू-आवाज जुळले. तपासायला टाळी किंवा ढोलच घ्या. बोलणाऱ्याच्या ओठांवरून एवढा बारीक अंदाज येत नाही.

आवाज मुळीच येत नसेल तर स्पीकरला दोष देण्याआधी टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हात आउटपुट पाहा. एचडीएमआय लावली की विंडोज बहुतेक वेळा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं. तिथे आपल्या स्पीकरचं नाव निवडायचं. यादीत नावच नसेल तर तो बहुधा कुणाच्या तरी मोबाइलला जोडला गेलेला असतो. त्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा.

रोजच्या वापराला मात्र मी ऑक्स वायरच सुचवेन. प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून ती स्पीकरला लावली की ब्लूटूथचा उशीर उरत नाही. प्रोजेक्टर छताला असेल तर वायर लॅपटॉपमधून घ्यावी लागते, आणि तेव्हा कधी उलटंच होतं. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो आणि आवाज आधी पोचतो. अशा वेळी प्रोजेक्टरच्या मेनूत Game Mode असेल तर तो चालू करा, नाहीतर व्हीएलसीत या खेपेला K दाबा.