वाट पाहणाऱ्या स्लाइड्स : संचयी प्रवाह आलेखाचे वाचन

आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत प्रत्येक बायॉप्सीचे एक कार्ड कानबान फलकावर लावले जाते. नमुना येणे, स्लाइड तयार होणे, डॉक्टरांची तपासणी आणि रिपोर्ट रवाना होणे, या टप्प्यांतून ते पुढे सरकते. फलक केवळ आजची स्थिती दाखवितो. रांग वाढते आहे की घटते आहे, हे समजण्यासाठी मी संचयी प्रवाह आलेख काढू लागलो. रोज संध्याकाळी प्रत्येक टप्पा आजवर एकूण किती नमुन्यांनी ओलांडला, तेवढेच मोजावयाचे व चार रेषा काढावयाच्या.

एका सोमवारी आलेले नमुने 60, तयार स्लाइड्स 48, तपासलेल्या 40 आणि रवाना 36, असे आकडे होते. त्याच शनिवारी ते अनुक्रमे 120, 108, 80 आणि 76 झाले. वरच्या दोन रेषा रोज 12 ने चढल्या, खालच्या दोन केवळ 8 ने. दोन रेषांमधील उभे अंतर म्हणजे तेथे थांबलेले काम. स्लाइड तयार होणे व तपासणी यांमधील पट्टा 8 वरून 28 वर गेला. इतर पट्टे होते तेवढेच राहिले.

येथे वाचणाऱ्याची हमखास फसगत होते. जाड पट्टा स्लाइड्सचा, म्हणून तंत्रज्ञ मंद, असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः अडथळा फुगलेल्या पट्ट्याच्या पुढच्या टप्प्यात असतो. आणखी एक तंत्रज्ञ नेमला असता तर रांग अधिकच वाढली असती.

आडवे अंतर प्रतीक्षा सांगते. सोमवारपर्यंत आलेले 60 नमुने गुरुवारी रवाना झाले, म्हणजे तीन दिवस. शनिवारी हाती 44 नमुने होते. रोज 8 या गतीने शेवटच्यास साडेपाच दिवस लागणार. कर्करोगाच्या शंकेने व्याकूळ झालेल्या कुटुंबास हा फरक फार मोठा.

अडथळा का आला, हे मात्र आलेख सांगत नाही. त्यासाठी उठून पाहावेच लागते. तपासणारे डॉक्टर रिपोर्ट स्वतःच टंकित करीत होते. ते काम साहाय्यकाकडे दिल्यावर रोज 14 स्लाइड्स तपासल्या जाऊ लागल्या. तरीही आवक 12 असल्याने वाढीव 20 स्लाइड्स संपण्यास कामाचे दहा दिवस लागले. पट्टा लगेच आक्रसत नाही म्हणून उपाय फसला असे समजू नये. आधी रेषेचा चढ बदलतो, जाडी मागाहून.

आडवे अंतर नेमके ठरते ते नमुने आलेल्या क्रमानेच बाहेर पडत असतील तेव्हा. तातडीचे नमुने पुढे घेतले की एखादे जुने कार्ड मागे राहते आणि रेषा मात्र सुरेख दिसतात. म्हणून प्रत्येक कार्डावर आवक तारीख लिहितो, आणि आलेख काढण्यापूर्वी सर्वांत जुने कार्ड हाती घेऊन ते कोठे अडले, हे विचारतो.