जुनं पुस्तक म्हणजे प्राथमिक साधन?

प्रश्न : बी.ए.च्या निबंधासाठी ‘वऱ्हाड कंपनीकडे कसा गेला’ हा विषय घेतला आहे. या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ 1924चा आहे. इतकं जुनं पुस्तक प्राथमिक साधन धरायचं ना? तळटीप कशी द्यावी?
— एक विद्यार्थिनी, तिवसा

उत्तर : वयावरून साधनाची जात ठरत नाही, तुमच्या प्रश्नावरून ठरते. निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला तो 1853च्या तहाने. त्या तहाचा मजकूर प्राथमिक साधन. काळ्यांनी सत्तर वर्षांनंतर त्या घटनेबद्दल लिहिलं, म्हणून त्यांचं पुस्तक इथे दुय्यम. मात्र तुमचा विषय ‘1920च्या दशकातलं वऱ्हाडी इतिहासलेखन’ असता, तर हेच पुस्तक प्राथमिक ठरलं असतं.

तहाचा मजकूर एचिसनच्या तहसंग्रहात छापलेला आहे. तो तिथे वाचलात, तर तळटीपेत आधी तहाचं नाव, तारीख आणि कलम, मग संग्रहाचं नाव, खंड, आवृत्तीचं वर्ष आणि पान लिहा. आवृत्ती बदलली की पानंही बदलतात, म्हणून वर्ष गाळू नका.

काळ्यांची तळटीप सोपी : काळे, या. मा., ‘वऱ्हाडचा इतिहास’, प्रकाशनस्थळ, 1924, पृ. अमुक.

खरी गफलत पुढे होते. तहातलं कलम काळ्यांच्या पुस्तकात वाचायचं आणि तळटीप थेट तहाची द्यायची! परीक्षकाने मूळ पान विचारलं की पंचाईत. तसं असेल तर तहाचं नाव लिहून पुढे ‘उद्धृत, काळे, पृ. अमुक’ असं स्पष्ट लिहा. त्याने गुण कमी होत नाहीत. मूळ संग्रहासाठी अमरावती विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा चौकशी करून पाहा.