क्रिप्टो पाठवलं, पण एक्स्चेंजच्या खात्यात जमा झालं नाही: किमान रकमेचा घोळ आणि त्यावर काय करता येतं



मागच्या व्हिडिओत आपण सांगितलं होतं की एका एक्स्चेंजवरून दुसऱ्यावर क्रिप्टो हलवायचं असेल, तर आधी थोडी रक्कम पाठवून बघा आणि मगच मोठी पाठवा. सल्ला बरोबरच आहे. पण त्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि कंधारमधल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्या भावाला नेमका तिचाच फटका बसला. त्याचा फोन आला, "सर, तुम्ही म्हणालात म्हणून आधी दहाच पाठवले. तीन तास झाले, तिकडून गेलेत, इकडं शून्य दिसतंय. आता उरलेले पाठवू का नको?"

मी म्हटलं, "थांबा. काहीच पाठवू नका. आधी पैसे कुठं आहेत ते बघू."

आजचा लेख त्याच प्रकरणावर आहे. नाव-गाव बाजूला ठेवू, हिशोब मात्र नीट समजून घेऊ.

नेमकं काय झालं?

या भावाकडं एका ॲपवर २०० यूएसडीटी होते. ते विकून रुपये करायचे म्हणून त्याने भारतातल्या एका एक्स्चेंजवर खातं उघडलं. तिथून जमा करण्याचा पत्ता घेतला, नेटवर्क `TRC20` निवडलं आणि चाचणी म्हणून १० यूएसडीटी पाठवले. पत्ता आणि नेटवर्क दोन्ही बरोबर होतं.

नव्या एक्स्चेंजच्या पानावर पत्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: `Minimum deposit: 10 USDT`. त्याने ते वाचलंही होतं. म्हणून तर बरोबर दहाच पाठवले. पण ज्या ॲपवरून पाठवले त्याची काढण्याची फी १ यूएसडीटी होती आणि ती पाठवलेल्या रकमेतूनच कापली गेली. म्हणजे निघाले १० आणि पोचले ९. किमान रकमेला एक कमी पडला आणि जमा झालंच नाही.

हे आकडे त्याच्या प्रकरणातले आहेत. प्रत्येक एक्स्चेंजची, प्रत्येक कॉइनची आणि प्रत्येक नेटवर्कची किमान रक्कम वेगळी असते, आणि ती बदलतही राहते. तेव्हा दुसऱ्याचा आकडा पाठ करू नका. पाठवायच्या वेळी तुमच्या पानावर जो दिसतो तोच धरा.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की किमान रक्कम पाठवलेल्या आकड्यावर नाही, पोचलेल्या आकड्यावर मोजतात.

किमान रक्कम ठेवतातच कशाला?

मोंढ्यात दोन किलो सोयाबीन घेऊन गेलात तर आडत्या काय म्हणेल? हमाली, तोलाई आणि पट्टी फाडायचा खर्च त्या दोन किलोच्या मालालाच खाऊन टाकेल. इथंही तसंच आहे.

एक्स्चेंज तुम्हाला जो पत्ता देतं तो बहुतेक वेळा तुमच्या एकट्यासाठीचा असतो. त्यात आलेले कॉइन एक्स्चेंजला पुढं आपल्या मुख्य वॉलेटमध्ये गोळा करावे लागतात. ट्रॉन नेटवर्कवर यूएसडीटी हलवायचा खर्च ट्रॉनच्या स्वतःच्या कॉइनमध्ये, म्हणजे टीआरएक्समध्ये द्यावा लागतो. तुमच्या त्या पत्त्यात टीआरएक्स नसतात. मग एक्स्चेंजने त्या हलवण्याच्या खर्चाची सोय आधी करायची आणि मग यूएसडीटी उचलायचे. हा खर्च ९ यूएसडीटीला जेवढा, तेवढाच ९,००० लाही येतो. म्हणून ते एक रेघ मारतात आणि तिच्या खालचं उचलत नाहीत.

पैसे हवेत गेले असं मात्र होत नाही. ते त्या पत्त्यावरच पडून असतात. पण त्या पत्त्याची चावी एक्स्चेंजकडं असते, तुमच्याकडं नाही. आणि ज्या ॲपवरून पाठवले तेही आता ते परत ओढू शकत नाही. बँकेसारखी 'व्यवहार उलटवा' अशी सोय ब्लॉकचेनवर नसते.

पायरी १: दुखणं हेच आहे का, ते तपासा

पैसे न दिसण्याची कारणं बरीच असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. म्हणून आधी खात्री करून घ्या.

ज्या ॲपवरून पाठवलं तिथं व्यवहाराच्या यादीत `TXID` किंवा `Transaction Hash` नावाचा लांबलचक क्रमांक असतो. तो कॉपी करून `tronscan.org` वर शोधा. तिथं चार गोष्टी बघायच्या.

पहिली, व्यवहार पूर्ण झाला का. `SUCCESS` आणि `CONFIRMED` दिसलं पाहिजे. ट्रॉनवर हे साधारण मिनिटभरात होतं. अजून पक्कं झालेलं नसेल तर थांबा, तो वेगळा विषय आहे.

दुसरी, कॉइन खरंच यूएसडीटी आहे का. ट्रॉनवरच्या खऱ्या यूएसडीटीचा करार-पत्ता हा आहे:

```
TR7NHqjeKQxGTCi8q8ZY4pL8otSzgjLj6t
```

बरेच जण इथंच घाबरतात. पानावर हा पत्ता दिसतो आणि वाटतं की पैसे भलतीकडंच गेले. तसं नसतं. हा यूएसडीटीच्या कराराचा पत्ता आहे. पैसे कुणाकडं गेले ते त्याच पानावर टोकन हस्तांतराच्या भागात दिसतं.

तिसरी, तिथला घेणाऱ्याचा पत्ता आणि एक्स्चेंजने दिलेला पत्ता तंतोतंत जुळतो का. चौथी, पोचलेला आकडा किती.

आपल्या भावाचं सगळं जुळलं. फक्त आकडा ९ होता. नेटवर्क बरोबर, पत्ता बरोबर, व्यवहार पक्का आणि रक्कम किमान आकड्याच्या खाली: एवढं जुळलं की दुखणं हेच, असं समजा.

पायरी २: तुमच्या एक्स्चेंजचा नियम कोणता?

इथंच खरी गंमत आहे. किमान रकमेपेक्षा कमी आलेल्या पैशाचं काय करायचं, याचे तीन प्रकारचे नियम बघायला मिळतात.

बेरीज धरणारे. त्याच पत्त्यावर, त्याच कॉइनचे, त्याच नेटवर्कवरून आणखी पैसे आले आणि एकूण रक्कम रेघेच्या वर गेली, की आधीचे आणि नंतरचे सगळे एकदम जमा होतात.

प्रत्येक व्यवहार वेगळा मोजणारे. दुसऱ्यांदा पुरेसे पाठवले तर ते दुसरे जमा होतात, पण पहिले ९ तिथंच अडकून राहतात. आणि दुसऱ्यांदाही कमी पोचले तर दोन्ही अडकतात.

सरळ नाही म्हणणारे. जमाही होणार नाही, परतही मिळणार नाही, असं अटींतच लिहिलेलं असतं: `Deposits below the minimum will not be credited or refunded.`

म्हणून "थोडे अजून टाका, आपोआप जमा होईल" असं कुणी सांगितलं तर लगेच टाकू नका. ते पहिल्या प्रकारात खरं आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्यात नाही. मदतपानावर `cumulative` हा शब्द शोधा. तो नसेल किंवा भाषा गोलमाल असेल, तर लेखी विचारा.

पायरी ३: तिकीट टाका, दोनच प्रश्न विचारा

एक्स्चेंजच्या ॲपमध्येच असलेल्या मदत विभागातून तक्रार नोंदवा. रागाची मोठी गोष्ट लिहू नका. सुरुवातीला एवढी माहिती द्या:

```
Coin: USDT
Network: TRC20
Amount received: 9
TXID: ...
```

सोबत ट्रॉनस्कॅनच्या पानाचा आणि तुमच्या जमा-पत्त्याच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. मग विचारा: एक, याच पत्त्यावर आणखी पाठवले तर हे ९ त्यात धरले जातील का? दोन, नसेल तर तुम्ही हाताने जमा करून देता का आणि त्याची फी किती?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की साधा व्यापारी हिशोब करा. अडकलेल्या रकमेपेक्षा सोडवण्याची फी जास्त असेल तर ते सोडून द्या.

आपल्या भावाला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बेरीज धरली जाईल. मग त्याने ५० पाठवले, फी जाऊन ४९ पोचले आणि खात्यात एकदम ५८ दिसले. त्यानंतरच त्याने उरलेले हलवले. एकूण भुर्दंड एका जास्तीच्या फीचा, म्हणजे १ यूएसडीटी. उत्तर 'नाही' असतं तर ९ गेले असं धरावं लागलं असतं.

दाद कुठं मागता येते?

आधी स्पष्ट सांगतो: रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं हा विषय चालत नाही, कारण क्रिप्टो एक्स्चेंज त्या योजनेत येत नाहीत. रस्ता ग्राहक कायद्याचा, तोही एक्स्चेंज भारतातलं असेल तर सोपा. आधी त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्यासाठी नांदेडला, तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

पण तुमची बाजू कधी भक्कम? किमान रक्कम पानावर दाखवलीच नव्हती, किंवा "बेरीज धरू" असं लेखी देऊन नंतर फिरले, तेव्हा. आकडा समोर लिहिलेला असताना कमी पाठवले असतील, तर अटी त्यांच्या बाजूने बोलतात. आणि तुम्ही खरेदी-विक्रीचा धंदाच करत असाल, तर 'हा ग्राहकच नाही' असा मुद्दा समोरचा काढू शकतो. म्हणूनच पैसे पाठवायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

या घाईत मोठा खड्डा दुसराच असतो

नऊ डॉलर अडकले की माणूस टेलिग्रामवर, गुगलवर "कस्टमर केअर" शोधायला लागतो. आपल्या भावालाही एकाने मेसेज केला, "मी एक्स्चेंजमधून बोलतोय, तुमचे पैसे सोडवतो, वॉलेटचे बारा शब्द पाठवा." बारा शब्द दिले की नऊ नाही, सगळंच जातं. त्या पत्त्याची चावी एक्स्चेंजकडंच असते, त्यामुळं बाहेरचा कुणीही ते सोडवू शकत नाही. बारा शब्द, ओटीपी किंवा मोबाईलची स्क्रीन मागणारा ठगच समजा. चूक होऊन गेली असेल तर लगेच १९३० ला फोन करा.

पुढच्या वेळी चाचणी कशी करायची?

चाचणीची रक्कम अशी काढा: एक्स्चेंजची किमान रक्कम, अधिक पाठवणाऱ्या ॲपची फी, अधिक थोडा हात राखून. किमान १०, फी १, तर १३ पाठवा. पाठवायच्या आधीच्या पानावर `Receive amount` दिसतो, तो आकडा किमान रकमेच्या वर आहे ना, हे बघूनच बटण दाबा.

मागच्या व्हिडिओत हे राहिलं होतं, ते आज पूर्ण केलं. स्क्रीनवर प्रत्येक पायरी दाखवलेला व्हिडिओ सोबत आहेच, पाठवायच्या आधी एकदा बघून घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत.