सप्तमेशांचे परस्पर नाते : दोन पत्रिका शेजारी ठेवताना



घरात नातवंडांच्या लग्नाचा विषय निघाला की आपण ज्येष्ठ मंडळी आधी विचारतो, ‘गुण किती जुळले?’ छत्तीस गुणांचे हे कोष्टक दोघांच्या चंद्रनक्षत्रांवरून आणि चंद्रराशींवरून मांडतात. लग्नराशी त्यात येतच नाही. त्यामुळे दोघांना एकमेकांची ओढ वाटेल का, आणि संसारात ते एकमेकांना आधार देतील का, हे पाहायला जुनी मंडळी आणखी एक गोष्ट तपासत. ती म्हणजे दोन्ही पत्रिकांतल्या सप्तमेशांचे नाते. या लेखात तेवढेच शिकू.

पत्रिकेतले सातवे स्थान जोडीदाराचे. त्या स्थानात जी राशी येते तिचा स्वामी तो सप्तमेश. लग्न कन्या असेल तर सातवी राशी मीन आणि सप्तमेश गुरू. लग्न वृश्चिक असेल तर सातवी राशी वृषभ आणि सप्तमेश शुक्र. दोघांचे सप्तमेश काढले की ते आपापल्या पत्रिकेत कोणत्या राशीत बसले आहेत ते कागदावर लिहायचे. मग एकाच्या राशीपासून दुसऱ्याच्या राशीपर्यंत मोजायचे. सुरुवातीची राशी धरून मोजायचे, हे विसरू नये.

दोघे एकाच राशीत आले तर ती युती. एकमेकांपासून सातवे आले तर समसप्तक. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या राशीकडे पूर्ण दृष्टीने पाहतो, म्हणून समसप्तकात दोघांचीही नजर एकमेकांवर पडते. परस्पर आकर्षणाची ही सर्वांत स्पष्ट खूण मानतात. पाचवे-नववे आले तर नवपंचम, तेही सलोख्याचे. सहावे-आठवे आले तर षडाष्टक. तिथे सहसा नजरभेट होत नाही आणि दोघांचे मार्ग वेगळे राहतात असे समजतात. गुरूला पाचवी व नववी, शनीला तिसरी व दहावी आणि मंगळाला चौथी व आठवी अशा जादा दृष्टी आहेत. पण अशा दृष्टीने एकाने दुसऱ्याकडे पाहिले तरी समोरचा उलट पाहीलच असे नाही. तेव्हा ती एका बाजूची ओढ समजावी.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या खलिफा सिटीतल्या एका परिचित कुटुंबातील आजी दोन पत्रिका घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. नात इथेच, अबू धाबीत, २००२ च्या ऑगस्टअखेरीस जन्मलेली. मुलगा १९९९ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे सांगली जिल्ह्यात जन्मलेला. आजी म्हणाल्या, “दोघांना एकमेकं पसंत आहेत हो. पण गावाकडून निरोप आलाय, सप्तमेशांचं षडाष्टक आहे, नको म्हणून. तुम्ही एकदा बघा.”

मुलाचे लग्न वृश्चिक, सप्तमेश शुक्र मकरेत. गावाकडून आलेल्या पत्रिकेत मुलीचे लग्न सिंह होते. सिंहेपासून सातवी राशी कुंभ, म्हणून सप्तमेश शनी. त्या वेळी शनी मिथुनेत होता. मिथुनेपासून मकर आठवी, मकरेपासून मिथुन सहावी. मोजणी बरोबर होती आणि षडाष्टकही खरे होते. पण माझी नजर सूर्यावर थांबली. पत्रिकेत सूर्य लग्नात, सिंहेतच होता. सूर्य लग्नात म्हणजे जन्म सूर्योदयाच्या आसपासचा. मी आजींना विचारले, “जन्म किती वाजता?” त्या म्हणाल्या, “सकाळी आठला. ऊन चांगलं वर आलं होतं.”

ऑगस्टअखेर इथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. आठ वाजता तो क्षितिजाच्या बराच वर असतो. मग तो लग्नात न दिसता बाराव्या स्थानात दिसायला हवा. पत्रिकेची वरची ओळ पाहिली तेव्हा उलगडा झाला. जन्मस्थळ अबू धाबी आणि वेळ ८ लिहिली होती, पण प्रमाणवेळ भारताची, साडेपाच तासांची धरली होती. इथली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या चार तास पुढे आहे. त्यामुळे जन्म दीड तास अलीकडे सरकला, जणू इथे साडेसहालाच झाला. त्या सुमारास दीड तासात लग्न सुमारे वीस अंश पुढे जाते. वेळ दुरुस्त करताच लग्न सिंहेच्या वीस अंशांवरून कन्येच्या दहा अंशांवर आले आणि सूर्य बाराव्यात गेला.

लग्न बदलले की सप्तमेशही बदलतो. आता कन्या लग्न, सप्तमेश गुरू, आणि त्या दिवशी गुरू कर्केत, म्हणजे आपल्या उच्च राशीत होता. कर्केपासून मकर सातवी. गुरू कर्केच्या साधारण बाराव्या अंशावर, मुलाचा शुक्र मकरेच्या सात-आठ अंशांवर. समसप्तक तर झालेच, शिवाय अंशही जवळचे, म्हणून ते अधिक ठळक.

एवढ्यावर न थांबता आधार पाहावा. त्यासाठी एकाचा सप्तमेश दुसऱ्याच्या लग्नापासून कितवा पडतो ते मोजतात. मुलीचा गुरू मुलाच्या वृश्चिक लग्नापासून नववा, भाग्यात पडतो आणि पाचव्या दृष्टीने त्याच्या लग्नाकडे पाहतो. मुलाचा शुक्र मुलीच्या कन्या लग्नापासून पाचवा पडतो. दोघेही एकमेकांच्या त्रिकोणात. ही साहाय्याची खूण.

उणी बाजूही सांगायला हवी. नैसर्गिक मैत्रीत गुरू शुक्राला शत्रू मानतो, तर शुक्र गुरूला सम मानतो. म्हणजे ओढ आहे, आधार आहे, पण खर्च, हौसमौज, रीतिरिवाज यांवर मते वेगळी राहतील आणि खटका बहुधा मुलीच्या बाजूने उडेल, असे या शास्त्राच्या रीतीने म्हणता येते. हे मी आजींना तसेच सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “ते तर आमच्याही घरात पन्नास वर्षं चाललंय.”

या खुणेची मर्यादाही ओळखावी. गुरू एका राशीत जवळजवळ वर्षभर राहतो. त्यामुळे त्या वर्षी कन्या लग्नावर जन्मलेल्या कितीतरी मुलींचा सप्तमेश कर्केतच असेल. ही खूण ‘हाच जोडीदार’ असे सांगत नाही, फक्त वाट मोकळी आहे की अडखळती, एवढेच सुचवते. आपापल्या पत्रिकेतले सातवे स्थान आणि नवमांश स्वतंत्रपणे पाहावेच लागतात.

आखातात जन्मलेल्या नातवंडाची पत्रिका हाती आली की आधी जन्मवेळेशी सूर्य ताडून पाहा. सूर्योदयाला तो लग्नाजवळ, मध्यान्ही दहाव्याजवळ, सूर्यास्ताला सातव्याजवळ हवा. तसा नसेल तर प्रमाणवेळेची ओळ तपासा आणि पत्रिका नव्याने मांडून घ्या. सप्तमेश मोजायचे ते त्यानंतर. आजींनी दुरुस्त पत्रिका सांगलीला पाठवली आहे. दोन्ही घरांची बोलणी आता पुन्हा सुरू झाली आहेत.