कानाला दडा का बसतो?

थंडीच्या दिवसांत वसतिगृहांतून आणि पाड्यांवरून एकच तक्रार वारंवार कानी येते: "ताई, सर्दी बरी झाली, पण कान बंदच आहे." बहुतेक वेळा त्या कानात मळ नसतो, किडाही नसतो. दोष असतो एका लहानशा नळीत, आणि ती नळी बाहेरून दिसत नाही. आजच्या पाठात ती नळी समजून घेऊ. आपले बालवाडीताई, आशाताई आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांना या माहितीचा रोज उपयोग होईल.

नळी कुठे आहे आणि काय करते

कानाच्या पडद्यामागे वाटाण्याएवढी एक पोकळी आहे. तिला मध्यकर्ण म्हणतात. आवाजाने पडदा हलतो आणि पोकळीतली तीन इवलीशी हाडे ती हालचाल आतल्या कानाकडे नेतात. पडद्याला मोकळेपणी हलता यावे म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा लागतो. बाहेरच्या बाजूला वातावरणाची हवा आहेच. आतल्या बाजूला ती पोहोचते एकाच वाटेने, नाकाच्या मागून घशाच्या वरच्या भागात उघडणाऱ्या नळीतून. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते.

ही नळी एरवी मिटलेली असते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा टाळूचा एक स्नायू तिचे तोंड क्षणभर ओढून उघडतो आणि थोडी हवा वर जाते. जव्हारहून एसटीने घाट उतरताना कान बंद होतात आणि आवंढा गिळल्यावर 'टक्' होऊन मोकळे होतात, ते यामुळेच. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत दबतो, आणि नळी उघडताच दोन्ही बाजू पुन्हा सारख्या होतात.

नळीची आणखी दोन कामे आहेत. मध्यकर्णात तयार होणारा ओलावा तिच्या आतले सूक्ष्म केस घशाकडे सारत राहतात. आणि नाकातला शेंबूड व जंतू वर चढू नयेत म्हणून ती मिटलेली राहते.

सर्दीत काय बिघडते

नाक आणि ही नळी यांचे अस्तर एकच आहे. सर्दीत नाक आतून सुजते तसे नळीचे तोंडही सुजते. शेंबूड घट्ट होतो आणि सूक्ष्म केसांचे काम मंदावते. स्नायू ओढतो, पण सुजलेले तोंड उघडत नाही.

मध्यकर्णाचे अस्तर आतली हवा सतत थोडीथोडी शोषून घेत असते. खालून नवी हवा आली नाही, तर आतला दाब कमी होत जातो आणि पडदा आत ओढला जातो. ताणलेला पडदा नीट हलत नाही. म्हणून कान भरल्यासारखा वाटतो, स्वतःचा आवाज घुमतो, बाहेरचा दबका येतो, गिळताना टकटक होते. यालाच आपण दडा बसणे म्हणतो.

एवढ्यावर थांबले तर सर्दी उतरल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांत कान मोकळा होतो. नळी फार दिवस बंद राहिली, तर अस्तरातून पाणी झिरपून पोकळीत साचते. हळूहळू ते डिंकासारखे घट्टही होते. या अवस्थेत कान दुखत नाही, वाहत नाही, तापही नसतो. फक्त ऐकू कमी येते.

लहान मुलांत हे जास्त का घडते? त्यांची नळी आखूड असते आणि जवळजवळ आडवी असते. मोठ्यांत ती उतरती असल्यामुळे निचरा सोपा होतो. शिवाय मुलांत नळीच्या तोंडाजवळ ॲडेनॉइड नावाची गाठ मोठी असते. साधारण सात वर्षांनंतर नळीची ठेवण मोठ्यांसारखी होऊ लागते.

ॲलर्जीतला फरक

ॲलर्जीतही सूज तिथेच येते, पण कारण वेगळे असते. सर्दी आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. ॲलर्जी मात्र धूळ, बुरशी किंवा परागकण यांच्याशी संबंध येत राहील तोवर टिकते. ओळखायची खूण अशी: सकाळी उठल्यावर एकामागोमाग शिंका, पाण्यासारखे नाक, नाक-डोळ्यांना खाज, ताप नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे. चुलीचा व बिडीचा धूर ही खरी ॲलर्जी नव्हे, पण त्याने हेच अस्तर चिडते आणि दडा लांबतो.

एका मुलीची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका वसतिगृहात तिसरीतली एक मुलगी होती. पावसाळ्याच्या शेवटी तिला सर्दी झाली आणि बरी झाली. त्यानंतर महिनाभराने बाईंनी सांगितले, "लक्षच देत नाही. एक विचारलं तर दुसरंच सांगते." कान दुखत असल्याचे तिने कधी सांगितले नव्हते.

मी तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहिले. तिने एक कान बोटाने दाबून चोळत राहायचे, म्हणजे तो कान मध्ये येत नाही. मग पूर्ण श्वास सोडून मी दुसऱ्या कानाच्या बाजूने कुजबुजत तीन शब्द म्हटले, थांबून आणखी तीन. सहापैकी निदान तीन शब्द तरी परत सांगता यायला हवेत. तिला उजव्या कानाने दोन आले, डाव्याने एकही नाही. नेहमीच्या आवाजात बोलल्यावर मात्र सगळे समजले.

रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले. दोन्ही पडदे निस्तेज आणि आत ओढलेले होते. टिंपॅनोमेट्री नावाच्या तपासणीत कानात हवेचा दाब थोडा कमी-जास्त करून पडदा किती हलतो ते पाहतात. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा वर येतो, तिचा सपाट आला. म्हणजे पडद्यामागे पाणी होते. डाव्या कानाची श्रवणक्षमता 30 डेसिबलने कमी होती, उजव्याची 25 ने. कुजबूज साधारण 30 डेसिबलचीच असते. मागच्या बाकावर बसलेल्या या मुलीला बाईंचे अर्धे शब्द पोहोचतच नव्हते.

आजी सोबत होती. तिने विचारले, "ताई, गरम तेल घातलं तर मोकळा होईल ना?" मी म्हटले, "आजी, तेल पडद्याच्या बाहेरच थांबतं. बंद झालेलं दार नाकाच्या मागं आहे, कानातून तिथं पोचता येत नाही. आणि पडद्याला भोक असलं तर तेल आत जाऊन कान पिकतो."

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली नाही. असे पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरते, म्हणून थांबून पुन्हा तपासायचे ठरले. या साचलेल्या पाण्यावर अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या किंवा सिरप यांचा उपयोग होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तिला सकाळच्या शिंकांचा त्रास होता. तेवढ्यासाठी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिला. फवाऱ्याचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला वळवायचे आणि तो रोज वापरायचा. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. नाकपुडीने फुगवायचा एक खास फुगा मिळतो, तोही दिला. एक नाकपुडी दाबून दुसरीने तो फुगवला की नळीत हवा शिरते. रोज तीन वेळा हे करायचे.

वसतिगृहात दोन बदल केले. तिची जागा पहिल्या बाकावर आली, आणि तिच्याशी बोलताना समोर येऊन, चेहरा दिसेल असे बोलायचे ठरले. तीन महिन्यांनी उजव्या कानाचा आलेख डोंगरासारखा झाला, डाव्यात थोडे पाणी उरले होते. आणखी सहा आठवड्यांनी तेही गेले. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी आणि श्रवण कमीच राहिले असते, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवण्याचा विचार झाला असता. तिच्यातून हवा थेट मध्यकर्णात जाते, आणि सहा ते बारा महिन्यांत ती बहुधा आपोआप गळून पडते.

घरी काय करावे

मोठ्या माणसाला सर्दीने दडा बसला असेल, तर वारंवार आवंढा गिळावा, घोट घोट पाणी प्यावे, जांभई द्यावी. नाक दाबून पाण्याचा एक घोट गिळणे हाही सुरक्षित उपाय आहे. नाक-तोंड बंद करून हळूच फुंकण्याचा उपाय सर्दी ओसरल्यावरच करावा, आणि कधीही जोर लावू नये. नाक शेंबडाने भरलेले असताना फुंकले, तर जंतू मध्यकर्णात ढकलले जाण्याची भीती असते.

नाक साफ ठेवण्यासाठी एक कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव ते अर्धा लहान चमचा मीठ घालून त्याचे थेंब नाकात सोडावेत. पाणी रोज ताजे उकळावे. नाक मोकळे करणारे औषधी थेंब मोठ्यांनी पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत, नाहीतर ते सोडताच नाक अधिकच चोंदते. लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

दडा वाटतो, पण दडा नाही

एका गोष्टीत मात्र वेळ दवडू नका. सर्दी नसताना, एकाएकी, एकाच कानाने ऐकू येईनासे झाले तर ओठ मिटून लांब गुणगुणायला सांगा. दड्यात गुणगुणणे बंद कानात मोठे ऐकू येते. ते चांगल्या कानात मोठे ऐकू आले, तर दोष नळीत नसून आतल्या कानात किंवा नसेत असण्याचा संभव आहे. अशा माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. यावरचे स्टिरॉइड उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच जास्त उपयोगी पडतात. गुणगुणण्याची खूण नीट कळली नाही, तरीही नेण्यात उशीर करू नका.

कान वाहणे, कानामागे सूज, चक्कर किंवा मोठा ताप असेल तरी थांबू नये. मोठ्या माणसाचा एकच कान सर्दीशिवाय काही आठवडे बंद राहिला, तर नाकामागची जागा दुर्बिणीने तपासून घ्यावी. तिथली गाठही नळीचे तोंड दाबू शकते.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा 'लक्ष न देणाऱ्या' मुलांची नावे त्यांना आधी द्या आणि कान तपासायला सांगा. पथक येईपर्यंत पाठीमागून कुजबुजण्याची परीक्षा तुम्हालाही घेता येईल. शांत खोलीत एका मुलाला पाच मिनिटेही लागत नाहीत.