नासापटलवक्रता व स्पर्शजन्य शिरःशूल : निदान आणि शस्त्रकर्माचा निर्णय

ढाणकी परिसरातील रुग्ण जुनाट डोकेदुखी घेऊन येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एक सी.टी. स्कॅनची पिशवी असते आणि मनात एक ठाम समजूत असते, की नाकाचे हाड वाढले आहे, ते काढले की डोके दुखायचे थांबेल. ही समजूत काही रुग्णांच्या बाबतीत खरी ठरते, पुष्कळांच्या बाबतीत खोटी. हा भेद कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम रचना ध्यानात घेऊ. नासापटल म्हणजे दोन नासाविवरांमधील पडदा. पुढचा भाग तरुणास्थीचा व मागचा अस्थीचा असतो. पूर्णपणे सरळ पडदा क्वचितच आढळतो, म्हणून वक्रता ही स्वतः व्याधी नव्हे. तरुणास्थी व अस्थी यांच्या सांध्यावर कधी काट्यासारखा उंचवटा निर्माण होतो. तो समोरच्या बाह्य भित्तीवरील मध्य किंवा अधः शुक्तिकेला, म्हणजे टर्बिनेटला, टेकला की दोन श्लेष्मल पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. या भागाची संवेदना त्रिधारा नाडीच्या शाखा वाहून नेतात. म्हणून नाकातील उत्तेजना डोळ्याच्या आतील कोपऱ्यात, भ्रूमध्यात किंवा शंखप्रदेशी वेदनारूपाने जाणवू शकते. अशा वेदनेस स्पर्शबिंदुजन्य शिरःशूल म्हणतात.

येथेच सावधगिरी हवी. २००१ साली अबू-बक्रा व जोन्स यांनी ९७३ रुग्णांची नासापरीक्षा प्रसिद्ध केली. चेहऱ्याची वेदना असणाऱ्यांत व नसणाऱ्यांत स्पर्शबिंदूंचे प्रमाण सारखेच, सुमारे ४ टक्के, आढळले. म्हणजे स्पर्श दिसला एवढ्याने तो वेदनेचे कारण ठरत नाही. आंतरराष्ट्रीय शिरःशूल वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीतही नासाश्लेष्मल, शुक्तिका व पटल यांच्या विकारांमुळे होणारा शिरःशूल मुख्य यादीत नाही, परिशिष्टात आहे. दुसरीकडे २००४ साली श्रायबर व सहकाऱ्यांनी, आपल्याला 'सायनसची डोकेदुखी' आहे असे मानणारे २,९९१ रुग्ण तपासले. त्यांतील ८८ टक्के रुग्णांची लक्षणे मायग्रेनच्या निकषांत बसली.

इतिवृत्त

वेदना नेहमी एकाच बाजूला, डोळ्याच्या आतील कोपऱ्याजवळ किंवा शंखप्रदेशी आहे काय, हे पहिले विचारावे. सर्दीत अथवा आडवे झाल्यावर ती बदलते काय, हे दुसरे. आडवे झाल्यावर शुक्तिका रक्ताने फुगतात व स्पर्श घट्ट होतो, म्हणून या प्रश्नाला महत्त्व आहे. मळमळ, उलटी, प्रकाश व आवाज सहन न होणे, जिना चढताना वेदना वाढणे आणि झटका ४ ते ७२ तास टिकणे, हे चित्र मायग्रेनचे. सूर्यावर्त किंवा अर्धावभेदक असे निदान लिहितानाही हे प्रश्न टाळता येत नाहीत.

वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब अवश्य घ्यावा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवतात. अचानक उठलेली तीव्र वेदना, ज्वरासह मानेचा ताठरपणा, दृष्टी कमी होणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली वेदना किंवा एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे, यांपैकी काही असल्यास नासापटलाचा विचार बाजूस ठेवून रुग्णास त्वरित पुढे पाठवावे.

स्थानिक संज्ञाहरण परीक्षा

निदानाचा कणा ही परीक्षा आहे. ती नासा-दुर्बीण असलेल्या, प्रशिक्षित चिकित्सकाने करावी, आणि वेदना प्रत्यक्ष चालू असतानाच करावी. वेदना नसलेल्या दिवशी केलेल्या परीक्षेस अर्थ नाही.

प्रथम संकोचक थेंबांत, उदाहरणार्थ झायलोमेटाझोलिनमध्ये, भिजवलेली कापसाची पट्टी नाकात ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शोथ उतरल्यावर स्पर्श सुटत असेल, तर दोष मुख्यतः श्लेष्मल त्वचेचा आहे व तो औषधाने सुधारू शकतो. स्पर्श तसाच राहिला तर तो अस्थीचा आहे. अनियंत्रित रक्तदाब असल्यास ही पायरी टाळावी. नंतर ४ टक्के लिग्नोकेनमध्ये भिजवून पिळलेली लहान पट्टी नेमक्या स्पर्शस्थानी ठेवावी. वेदना पाच मिनिटांत नाहीशी झाली तर परीक्षा अनुकूल समजावी. लिग्नोकेनची अॅलर्जी आधी विचारावी.

हेच औषध नाकात थेंब म्हणून सोडू नये. ते मागे पसरून नाडीगंडापर्यंत पोहोचते, व तेथील बधिरतेने मायग्रेनचाही काहींना उतार पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी, रुग्णास न सांगता, साध्या मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून तुलना करावी.

दोन रुग्णचित्रे

विवेचनासाठी दोन नमुने घेऊ. पहिला चौतीस वर्षांचा शेतकरी. दोन वर्षे डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, आठवड्यातून तीन-चार दिवस दाबल्यासारखी वेदना, रात्री झोपल्यावर वाढणारी. उलटी नाही, गोळ्या क्वचित. दुर्बिणीत डावा काटा मध्य शुक्तिकेला टेकलेला, संकोचकानंतरही न सुटणारा. लिग्नोकेनने चार मिनिटांत वेदना गेली, पाण्याच्या पट्टीने गेली नाही, आठवड्याने पुन्हा तसेच घडले. सहा आठवडे लवणजल-प्रक्षालन व नाकातील स्टिरॉइड फवारा देऊनही उपशम नाही. हा शस्त्रकर्माचा विचार करण्याजोगा रुग्ण.

दुसरी अठ्ठावीस वर्षांची गृहिणी. उजवीकडे याहून मोठा काटा, नाक चोंदलेले. पण वेदना कधी उजवी तर कधी डावी, सोबत उलटी, अंधारात पडून राहावे लागते. लिग्नोकेनने फरक नाही. हिचा शिरःशूल मायग्रेनचा आहे. नाक चोंदण्यासाठी शस्त्रकर्म करता येईल, परंतु डोके थांबेल असे वचन तिला देऊ नये.

शस्त्रकर्म केव्हा

वेदना व स्पर्श एकाच बाजूस, परीक्षा एकाहून अधिक वेळा अनुकूल, योग्य औषधोपचाराचा पूर्ण काळ निष्फळ, आणि मायग्रेन, नेत्र, दंत व रक्तदाबाची कारणे वगळलेली, या चार गोष्टी जुळल्यावरच शस्त्रकर्माचा विचार व्हावा. पीनस अथवा तीव्र प्रतिश्यायात घेतलेला सी.टी. स्कॅन गृहीत धरू नये. फुगलेल्या श्लेष्मल त्वचेने खोटा स्पर्श दिसतो. नस्य व प्रक्षालन शोथ उतरवतात, पण अस्थीचा काटा सरळ करत नाहीत, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. संकोचक थेंब काही दिवसांपलीकडे चालू ठेवू नयेत, त्यानेच नाक उलट चोंदू लागते.

शस्त्रकर्मात श्लेष्मल आवरण उचलून वक्र भाग काढला जातो किंवा सरळ केला जातो, आवश्यक तर शुक्तिकेचा आकार कमी केला जातो. रक्तस्राव, पटलास छिद्र, आसंजन व नाकाचा कणा बसणे हे संभाव्य दोष आहेत. घरी परतल्यावर दोन-तीन दिवसांत दोन्ही नाकपुड्या पुन्हा पूर्ण बंद झाल्या, वेदना व ज्वर वाढला, तर पटलाखाली रक्त साठल्याची शंका घ्यावी. ते त्याच दिवशी काढले नाही तर तरुणास्थी नष्ट होते. उमरखेडहून नांदेड किंवा यवतमाळ येथे शस्त्रकर्म झालेला रुग्ण अशा वेळी प्रथम गावच्या वैद्याकडेच येतो. त्या वेळी वेदनाशामक देऊन थांबू नये. त्याला लगेच शस्त्रकर्म केलेल्या ठिकाणी परत पाठवावे.